‘दिसलं नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे : बग बाउंटी रिपोर्टच्या तपासणीचा आढावा

२०१३च्या ऑगस्टमध्ये खलील श्रेतेह या पॅलेस्टिनी संशोधकाने फेसबुकच्या सुरक्षा विभागाला एक दोष कळवला. आपल्या मित्रयादीत नसलेल्या कोणाच्याही टाइमलाइनवर आपल्याला मजकूर टाकता येतो, असं त्याचं म्हणणं होतं. पुरावा म्हणून त्याने मार्क झुकरबर्गच्या कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या टाइमलाइनवर टाकलेल्या पोस्टची लिंक जोडली. तपासणाऱ्या इंजिनिअरने लिंक उघडली, त्याला एरर दिसली. तुम्ही त्या बाईंच्या मित्रयादीत नाही म्हणून पोस्ट तुम्हाला दिसत नाही, असं श्रेतेहने कळवलं. त्यावर उत्तर आलं की हा बग नाही. मग त्याने थेट झुकरबर्गच्याच टाइमलाइनवर पोस्ट टाकली, आणि सुरक्षा विभागाने लगबगीने तपशील मागवले.

दोष खरा निघाला, दुरुस्तही झाला. मात्र खऱ्या लोकांच्या खात्यांवर परवानगीशिवाय प्रयोग केला म्हणून श्रेतेहला बक्षीस मिळालं नाही. बाहेरच्या लोकांनी वर्गणी काढून त्याला दहा हजार डॉलरहून जास्त रक्कम दिली. फेसबुकचे तेव्हाचे मुख्य सुरक्षा अधिकारी जो सलिव्हन यांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं, की आम्ही घाई केली आणि रिपोर्ट झटकून टाकला.

चूक दोन्हीकडे होती. रिपोर्टमध्ये पायऱ्या नव्हत्या, नुसती लिंक होती. पण तपासणाऱ्याने पाहिलं ते ‘मला दिसत नाही’ एवढंच, आणि लिहिलं मात्र ‘दोष नाही’. आलेला रिपोर्ट स्वतः घडवून पाहायचा, त्याचं गांभीर्य ठरवायचं आणि संशोधकाला उत्तर लिहायचं, या कामाला ट्रायाज म्हणतात. ट्रायाजमध्ये जे बिघडतं, त्यातलं बरंचसं याच फटीतून आत शिरतं.

रांगेत काय येतं

नेटस्केपने १९९५मध्ये आपल्या ब्राउझरच्या बीटा आवृत्तीतले दोष दाखवणाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली. मोझिलाने २००४मध्ये, गूगलने २०१०मध्ये आणि फेसबुकने २०११मध्ये तोच मार्ग धरला. पुढे हॅकरवन आणि बगक्राउडसारखे मध्यस्थ मंच आले आणि लहान कंपन्यांच्या दारातही रिपोर्टांची रांग लागली.

या रांगेतला मोठा भाग स्कॅनरने ओकलेला असतो. डोमेनच्या ईमेल नोंदीत एसपीएफ नाही, सर्व्हर आपली आवृत्ती उघड सांगतो, ज्या पानावर दाबायला एकही बटण नाही तिथे क्लिकजॅकिंग होतं, अशा स्वरूपाचे हे रिपोर्ट असतात. ते खोटे नसतात, पण त्यातून कोणाचं काय बिघडेल हे त्यात लिहिलेलं नसतं. म्हणून पहिल्या वाचनात कळवलेली वस्तू कार्यक्रमाच्या कक्षेत आहे का, आणि हा दोष आधी कोणी कळवला आहे का, हे पाहून झालं की रिपोर्टचा दावा एका वाक्यात उतरवून काढावा. हल्ला करणारा कोण, त्याच्या हातात सुरुवातीला काय आहे, तो काय करतो आणि त्याला काय मिळतं, एवढं त्या वाक्यात यायला हवं. वाक्य पुरं होत नसेल तर जो तुकडा कमी आहे तेवढाच संशोधकाला विचारावा. श्रेतेहच्या रिपोर्टचं असं वाक्य कोणी लिहिलं असतं, तर पोस्ट पाहायला कोणाचं खातं लागेल हा प्रश्न आपोआप पडला असता.

घडवून पाहणं

उदाहरणासाठी बसची तिकिटं विकणारं एक काल्पनिक संकेतस्थळ घेऊ. संशोधकाने कळवलं आहे की सगळ्या ग्राहकांचा डेटा फुटतो, गांभीर्य क्रिटिकल. सोबत एक स्क्रीनशॉट आणि ही विनंती आहे :

```
GET /api/v2/invoices/48213/pdf HTTP/1.1
Host: api.example.com
Cookie: session=...
```

पत्त्यातला बिलाचा क्रमांक बदलला की दुसऱ्याचं बिल उतरतं, असा दावा आहे. या जातीच्या दोषाला आयडॉर म्हणतात. लॉगिन केलेला माणूस कोण हे सर्व्हर बघतो, पण मागितलेली वस्तू त्याचीच आहे का हे बघायला विसरतो.

तपासायला दोन नवी खाती लागतात, त्यांना अ आणि ब म्हणू. ती सामान्य ग्राहकासारखी बाहेरून उघडायची. कंपनीचा ईमेल, कंपनीचं व्हीपीएन किंवा कर्मचाऱ्याचं खातं वापरायचं नाही, कारण कर्मचाऱ्यांच्या खात्यांना बऱ्याचदा जास्तीचे हक्क असतात. अशा खात्यातून दुसऱ्याचं बिल दिसलं तर तो दोष आहे की सोय आहे, हे कळत नाही. दोन्ही खात्यांतून एकेक तिकीट काढलं की दोन बिलांचे क्रमांक हाती येतात. आता ‘ब’च्या सेशनने ‘अ’चं बिल मागायचं. इतर कोणाचा क्रमांक घालून बघायचा मोह इथे टाळावा. दोष सिद्ध करायला आपली दोन खाती पुरतात, आणि खऱ्या ग्राहकाचं बिल उघडलं की तपासणाराच त्याच्या खासगीपणावर पाय देतो.

नुसती एक विनंती करून मात्र काही सिद्ध होत नाही. चार लागतात :

```
ब -> ब चं बिल              200
ब -> अ चं बिल              200   (हवं होतं 403)
कुकीशिवाय -> अ चं बिल      401
ब -> अस्तित्वात नसलेलं     404
```

पहिली ओळ ‘ब’चं सेशन जिवंत असल्याची खात्री देते. दुसरी म्हणजे मूळ दावा. तिसरीवरून कळतं की लॉगिन नसलेल्या माणसाला बिल मिळत नाही. गांभीर्य ठरवताना ही ओळ फार कामाला येते. चौथी सांगते की सर्व्हर कशालाही `200` म्हणत सुटलेला नाही. काही सर्व्हर ‘बिल सापडलं नाही’ असा संदेशसुद्धा `200` सोबतच पाठवतात, आणि आकड्याकडे पाहून समाधान मानणारा तिथे फसतो. म्हणून पीडीएफ उघडून आत खरोखर ‘अ’चं नाव आहे ना, ते डोळ्यांनी पाहावं लागतं.

खोटा दावा खरा वाटायला लावणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे एकाच ब्राउझरमध्ये दोन्ही खाती उघडी ठेवणं. कुकीज एकमेकींवर चढतात आणि आपण ‘ब’ आहोत असं समजून ‘अ’ म्हणूनच विनंती करतो. म्हणून वेगळी प्रोफाइल घ्यावी, किंवा कमांड लाइनवरून कुकी हाताने द्यावी. दुसरी म्हणजे कॅशे. ‘अ’ने आपलं बिल आधी उघडलं असेल आणि मधल्या सीडीएनने त्याची प्रत ठेवली असेल, तर ‘ब’ला ती प्रत मिळू शकते. उत्तराच्या हेडरमध्ये `X-Cache: HIT` किंवा शून्याहून मोठं `Age` दिसलं तर संशय घ्यावा. ‘अ’ने एकदाही न उघडलेलं बिल मागून पाहिलं की उलगडा होतो. कॅशेमुळे बिल फुटत असेल तर तोही दोषच, पण वेगळा. त्याची दुरुस्ती सीडीएनच्या नियमात आहे, बिलाच्या कोडमध्ये नाही.

आता उलट बाजू. ‘ब’ला `403` मिळालं, म्हणजे दोष आढळला नाही. इथेच श्रेतेहच्या प्रकरणासारखी घसरण होते. न घडण्याची कारणं पुष्कळ असतात. मधल्या दिवसांत नवी आवृत्ती चढलेली असते आणि दोष नकळत बुजलेला असतो. नवी सुविधा काही टक्के ग्राहकांनाच सुरू केलेली असते आणि आपली खाती त्यांत नसतात. संशोधकाने मोबाइल ॲपमधून जुन्या पत्त्यावर विनंती केलेली असते. दोष दोन विनंत्यांच्या शर्यतीवर अवलंबून असेल, तर तो दहा-वीस वेळांतून एखाद्या वेळीच घडतो, आणि एका अपयशाला काही किंमत नसते.

अशा वेळी सर्वांत भरवशाचा साक्षीदार सर्व्हरचे लॉग असतात. संशोधकाकडून त्याचं खातं आणि अचूक वेळ मागून घ्यावी आणि त्या क्षणी सर्व्हरने काय दिलं ते पाहावं. त्याच्या खात्याला त्याचं नसलेलं बिल `200` सह गेल्याची नोंद असेल, तर आपल्याला घडवता आलं नाही तरी दोष सिद्ध आहे. लॉगमध्येही `403` असेल, तर संशोधकाचा समज चुकला असं म्हणायला आधार मिळतो. तो मिळेपर्यंत ‘आम्हाला आढळलं नाही’ एवढंच म्हणता येतं.

गांभीर्य : आकडा आणि त्यामागची वाक्यं

गांभीर्य मोजायला बहुतेक कार्यक्रम सीव्हीएसएस वापरतात. तिची ४.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२३मध्ये आली, तरी ३.१ अजून सर्रास चालते. हल्ला कुठून होतो, किती अवघड आहे, आधी कोणते हक्क लागतात, कोणाला फसवून क्लिक करायला लावावं लागतं का, आणि गोपनीयता, अचूकता व उपलब्धता यांचं किती नुकसान होतं, यांची उत्तरं दिली की शून्य ते दहामधला आकडा निघतो. चारपासून मीडियम, सातपासून हाय, नऊपासून क्रिटिकल.

आपल्या बिलांच्या दोषाला तीन आकडे सुचू शकतात :

```
AV:N/AC:L/PR:L/UI:N/S:U/C:L/I:N/A:N   4.3
AV:N/AC:L/PR:L/UI:N/S:U/C:H/I:N/A:N   6.5
AV:N/AC:L/PR:N/UI:N/S:U/C:H/I:N/A:N   7.5
```

संशोधक क्रिटिकल म्हणतो, पण तिथे पोचायला बिल बदलता किंवा पुसता यायला हवं. ते आपल्याच दोन खात्यांवर करून पाहिलं आणि `403` मिळालं, म्हणजे `I:N`. हा प्रश्न घडवून पाहतानाच सुटला.

पहिल्या दोन ओळींमधला फरक गोपनीयतेच्या नुकसानीचा आहे. बिलावर नाव, मोबाइल नंबर, प्रवासाची तारीख आणि कुठून कुठे गेला ते आहे, कार्डाचा नंबर नाही. एकाच माणसाचं बिल फुटत असतं तर `C:L` शोभलं असतं. पण क्रमांक ओळीने वाढत जातात, एक छोटा प्रोग्रॅम लिहिला तर सगळ्यांचीच बिलं उतरवता येतात. अमुक माणूस अमुक तारखेला घरी नव्हता, हे कोणालाही कळणं ही किरकोळ बाब नाही. म्हणून `C:H`. क्रमांकाऐवजी लांबलचक यादृच्छिक ओळखचिन्ह असतं, तर हल्ला करणाऱ्याला ते आधी मिळवावं लागलं असतं. बगक्राउडची वर्गवारीसुद्धा ओळीने मोजता येणारे क्रमांक आणि अंदाज न बांधता येणारी चिन्हं यांत भेद करते. पण ते चिन्ह कोणाला पाठवलेल्या लिंकमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या उत्तरात उघडं पडत नाही ना, हे न तपासता त्या भेदाचा आसरा घेऊ नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीवरून खरी भांडणं होतात. लॉगिन लागतं, म्हणून `PR:L`, असं कंपनी म्हणते. खातं कोणीही फुकटात उघडतो, मग त्याला हक्क कसला म्हणायचा, असं संशोधक म्हणतो. दोन्ही बाजूंना तथ्य आहे, आणि साडेसहाचा आकडा साडेसात झाला की दोष मीडियममधून हायमध्ये जातो आणि बक्षिसाची रक्कमही बदलते. यावर उपाय एकच. खुल्या नोंदणीला आपण काय मानतो, हे कार्यक्रमाच्या नियमांत आधी लिहून ठेवायचं आणि मग प्रत्येकाला तोच नियम लावायचा. रिपोर्ट हातात आल्यावर नियम ठरवला, तर तो पैसे वाचवायला ठरवला असंच दिसतं.

आकड्याला मर्यादाही आहेत. मूळ आकडा दोषाची तीव्रता सांगतो, आपल्या धंद्याची जोखीम सांगत नाही. किती ग्राहकांची बिलं आहेत, दोष किती दिवस उघडा होता, दुसऱ्या कोणी त्याचा फायदा घेतला का, यांतलं काहीच त्यात येत नाही. म्हणून आकडा ठरल्यावर पुन्हा लॉगकडे वळावं लागतं. एका खात्याने थोड्या वेळात शेकडो बिलं उतरवल्याच्या नोंदी आहेत का? त्या संशोधकाच्या असतील तर त्याला थांबवायला सांगावं आणि उतरवलेलं पुसायला लावावं. तिसऱ्याच कोणाच्या असतील तर हा बग बाउंटीचा विषय उरत नाही, ती घटना होते. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. ट्रायाज करणाऱ्याने ते काम कोणाच्या हाती द्यायचं, हे आधीच माहीत असायला हवं.

रिपोर्ट आणि घटना यांच्यातली रेघ पुसली गेली तर काय होतं, याचा दाखला उबरचा आहे. २०१६मध्ये दोघांनी उबरच्या सुमारे ५ कोटी ७० लाख ग्राहक आणि चालकांची माहिती उतरवली आणि पैसे मागितले. कंपनीने एक लाख डॉलर बग बाउंटीच्या मार्गाने दिले आणि गुप्ततेचा करार करून घेतला. मुख्य सुरक्षा अधिकारी होते तेच जो सलिव्हन, तोवर फेसबुक सोडून उबरमध्ये आलेले. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात ते दोषी ठरले. माहिती आधी उचलायची आणि मग दाम मागायचा, याला रिपोर्टचा फॉर्म भरला म्हणून रिपोर्ट म्हणता येत नाही.

उत्तर

पहिलं उत्तर पोच असतं, एक-दोन दिवसांत जावं आणि त्यात निष्कर्ष नसावा. खरं उत्तर तपासणीनंतर जातं. अशी पत्रं बहुधा इंग्रजीत जातात, मजकूर असा काहीसा :

“नमस्कार. आपण कळवलेला दोष आम्ही दोन नव्या ग्राहक खात्यांवर तपासला. एका खात्याच्या सेशनने दुसऱ्याचं बिल `200` सह मिळालं, पीडीएफमध्ये दुसऱ्या खात्याचं नाव होतं. लॉगिनशिवाय `401` मिळालं, बिल बदलण्याच्या विनंतीला `403`. त्यामुळे दोष मान्य आहे. आपण क्रिटिकल सुचवलं होतं, आम्ही ६.५ धरलं आहे. लिहिण्याचा हक्क मिळत नाही, आणि आमच्या नियमांप्रमाणे खुली नोंदणीही लॉगिन धरली जाते. यातलं काही चुकीचं वाटत असेल, विशेषतः बिल बदलता येण्याचा मार्ग आपल्याला सापडला असेल, तर जरूर कळवा. दुरुस्तीचं काम संबंधित गटाकडे दिलं आहे. पुढची खबर येत्या शुक्रवारपर्यंत देऊ. तोवर इतर ग्राहकांचे क्रमांक वापरून पाहू नयेत.”

या पत्रात दुरुस्तीची तारीख नाही, कारण ती ट्रायाज करणाऱ्याच्या हातात नसते. खबर देण्याची तारीख असते, तेवढीच दिली आहे. गांभीर्य उतरवलं आहे, पण कोणत्या दोन कारणांनी ते सांगितलं आहे. त्यामुळे संशोधकाला वाद घालायचा तर नेमक्या जागी घालता येतो. ‘आमच्या अंतर्गत मूल्यमापनानुसार’ असं लिहिलं, की तो सरळ चिडतो.

उत्तर लिहिताना सांडलवंडही होते. २४ नोव्हेंबर २०१९ला खुद्द हॅकरवनच्या एका विश्लेषकाला स्वतःच्याच कंपनीच्या कार्यक्रमात आलेला एक रिपोर्ट घडवता येईना. आपण काय केलं ते दाखवायला त्याने ब्राउझरमधून विनंतीची कमांड उचलली आणि उत्तरात चिकटवली. कमांडमध्ये त्याची चालू सेशन कुकी तशीच राहिली होती. संशोधकाने ती वापरून विश्लेषकाला दिसणारे इतर रिपोर्ट पाहिले आणि लगेच कळवलं. हॅकरवनने सेशन रद्द केलं, वीस हजार डॉलर दिले आणि सगळा प्रकार जाहीर केला. तेव्हापासूनचा धडा साधा आहे. उत्तरात जाणाऱ्या प्रत्येक विनंतीतली कुकी आणि टोकन हाताने खोडावं, आणि तपासणीची खाती कामाच्या खात्यांपासून वेगळी ठेवावी.

नकाराचं उत्तर होकाराहून जास्त काळजीने लिहावं लागतं. हॅकरवनवर ‘इन्फॉर्मेटिव्ह’ म्हणून बंद केलेल्या रिपोर्टने संशोधकाचे गुण बदलत नाहीत, ‘नॉट ॲप्लिकेबल’ केलं की पाच कापले जातात, ‘स्पॅम’ केलं की दहा. पायऱ्या नीट लिहिलेल्या पण परिणाम नसलेल्या रिपोर्टला ‘नॉट ॲप्लिकेबल’चा शिक्का मारणं म्हणजे विनाकारण दंड. घडवता आलं नसेल तर रिपोर्ट बंद न करता ‘माहिती हवी’ या स्थितीत ठेवावा, आणि आपण काय केलं ते पायरीसह सांगावं : या खात्यातून, या वेळी, या पत्त्यावर मागितलं, `403` मिळालं, आपली पायरी वेगळी होती का?

डुप्लिकेट म्हणताना मूळ रिपोर्टचा क्रमांक आणि तारीख द्यावी, नाहीतर कंपनी पैसे बुडवते असा संशय राहतोच. दोन वेगळ्या पत्त्यांवरचे दोष एकच की दोन, याची कसोटी दुरुस्तीत आहे. एका बदलाने दोन्ही बुजत असतील तर एक, नाहीतर दोन. कक्षेबाहेरचा पण गंभीर दोष आला तर तो बंद करून मोकळं होता येत नाही. बक्षीस नाकारता येतं, दुरुस्ती टाळता येत नाही. आणि भारतीय कार्यक्रमांनी हेही लक्षात ठेवावं, की माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ परवानगीविना प्रवेशाबद्दल आहेत. संशोधकाला कुठपर्यंत जाण्याची परवानगी आहे, ती त्याला कंपनीच्याच लेखी नियमांतून मिळते. ‘आणखी काही खात्यांवर करून दाखवा’ असं उत्तरात सहज लिहून जाणारा त्याला त्या नियमांच्या बाहेर ढकलत असतो.

दुरुस्ती झाली असं डेव्हलपरनी कळवल्यावर त्या चार ओळी पुन्हा चालवायच्या, आणि `/api/v2/` बरोबर `/api/v1/` वरही. नव्या पत्त्यावर तपासणी बसवली आणि जुन्या ॲपसाठी ठेवलेला पत्ता तसाच उघडा राहिला, असं वरचेवर होतं. दुसऱ्या ओळीत दोन्हीकडे `403` आलं, पण पहिली ओळ अजून `200` आहे ना, हेही पाहायचं, कारण घाईच्या दुरुस्तीत मालकालाच स्वतःचं बिल मिळेनासं होतं. मग त्याच चार ओळी डेव्हलपरच्या चाचण्यांत कायमच्या टाकायच्या, आणि संशोधकाला कळवायचं, की आपणही एकदा तपासून पाहा. त्याला अजून काही दिसत असेल, तर रिपोर्ट बंद करायची वेळ झालेली नाही.